आरओ यंत्र : गोडे पाणी कसे मिळते आणि उरलेल्या पाण्याचे काय करावे?



नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा परिसरात औष्णिक वीज केंद्र, त्याचे राखेचे तलाव आणि कोळशाच्या खाणी शेतीला लागूनच आहेत. या भागातील अनेक कुटुंबे पिण्यासाठी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरतात. कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रांच्या आसपासच्या गावांतील पाण्याचे नमुने तपासून काही सामाजिक संस्थांनी २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. काही नमुन्यांत जड धातूंचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याचे त्यात नमूद आहे. अशा बातम्यांनंतर घरोघरी आरओ यंत्रे आली आणि गावागावांत पाणी विकणारी आरओ केंद्रेही उभी राहिली.

यंत्र बसविले की दोन नळ्या दिसतात. एका नळीतून पिण्याचे पाणी येते आणि दुसरीतून त्याच्या दुपटीहून जास्त पाणी मोरीत जाते. हे पाणी का जाते, ते थांबविता येते का, आणि ते परसबागेला, संत्र्याच्या झाडाला किंवा जनावरांना चालेल का, हे प्रश्न शेतकऱ्यांकडून वारंवार विचारले जातात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांची उत्तरे हिशेबासह दिली आहेत.

परासरण म्हणजे काय?

आरओ म्हणजे उलट परासरण. त्यासाठी आधी सुलट परासरण समजून घेऊ. ते आपल्या घरात आणि शेतात रोज घडते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात भांड्यात पाणी सुटते. पाण्यात भिजवलेले हरभरे फुगतात, पण तेच फुगलेले हरभरे कोरड्या मिठात ठेवले तर सुरकुततात. रोपाच्या बुंध्याशी युरियाची मूठ पडली तर जमीन ओली असूनही रोप कोमेजते. या तिन्ही ठिकाणी कारण एकच आहे.

कैरीच्या पेशीला किंवा मुळाच्या पेशीला जे आवरण असते त्यातून पाणी सहज जाते, पण क्षार सहज जात नाहीत. अशा आवरणाला अर्धपार्य पटल म्हणतात. या पटलाच्या एका बाजूला कमी क्षारांचे आणि दुसऱ्या बाजूला जास्त क्षारांचे पाणी असेल, तर पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे आपोआप सरकते. यालाच परासरण म्हणतात. खारपड जमिनीत ओल असूनही पीक तहानलेले दिसते, ते यामुळेच. मातीतील पाणी इतके खारट असते की मुळाला ते ओढून घेता येत नाही.

आता जास्त क्षारांच्या बाजूने आपण दाब दिला तर? थोडा दाब दिल्यास पाण्याचे सरकणे मंदावते. दाब वाढवत गेल्यास एका ठिकाणी ते पूर्ण थांबते. जेवढ्या दाबाला ते थांबते, तो त्या पाण्याचा परासरण दाब होय. त्याहून अधिक दाब दिला की पाणी उलट दिशेने, म्हणजे खाऱ्या बाजूकडून गोड्या बाजूकडे जाऊ लागते. हेच उलट परासरण.

परासरण दाब किती असतो?

हा दाब विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ मानाने एक लिटर पाण्यात १००० मिलिग्रॅम क्षार असतील, तर परासरण दाब सुमारे ०.७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांना व्यवहारात टीडीएस म्हणतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याचा परासरण दाब २५ किलोच्या पुढे जातो, म्हणून समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यांत ५५ ते ७० किलो दाबाचे मोठे पंप लागतात. आपल्या विहिरीच्या पाण्याला तेवढ्या दाबाची गरज नसते. घरगुती यंत्रातील छोटा पंप साधारण ४ ते ७ किलो दाब देतो आणि तेवढा पुरतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पटलातून किती पाणी जाईल हे पंपाच्या पूर्ण दाबावर ठरत नाही. पंपाच्या दाबातून परासरण दाब वजा करून जो उरतो, त्यावर ते ठरते. उलट पटलातून थोडेफार क्षार झिरपतात, ते मात्र दाबावर अवलंबून नसून दोन्ही बाजूंच्या क्षारांच्या फरकावर अवलंबून असतात. पाणी जास्त खारट होत गेले की गोडे पाणी कमी मिळते आणि त्यात झिरपलेल्या क्षारांचे प्रमाण वाढते. दुसऱ्या नळीतून पाणी का सोडावे लागते याचे उत्तर यातच आहे.

यंत्रात पाणी कसे फिरते?

टाकीतून येणारे पाणी प्रथम गाळ अडविणाऱ्या गाळणीतून जाते. नंतर ते कोळशाच्या (कार्बनच्या) गाळणीतून जाते. निर्जंतुकीकरणासाठी टाकलेले क्लोरीन येथे काढले जाते, कारण क्लोरीनमुळे पटल खराब होते. त्यानंतर पंप पाण्याचा दाब वाढवितो आणि पाणी पटलाच्या नळकांड्यात शिरते.

हे पटल एखाद्या सुरळीसारखे गुंडाळलेले असते. त्याचा क्षार अडविणारा थर केसाच्या जाडीच्या शेकडो पट पातळ असतो. या थरातून पाणी पार होऊन मधल्या नळीत जमा होते आणि पिण्याच्या टाकीत जाते. जे पाणी पार होत नाही ते मागे राहिलेले क्षार घेऊन पटलावरून वाहत पुढे जाते आणि दुसऱ्या नळीतून बाहेर पडते. त्या नळीत एक अरुंद छिद्राची नळी बसविलेली असते. तिच्यामुळे आतला दाब टिकतो आणि किती पाणी बाहेर जाईल ते ठरते.

साध्या गाळणीत आणि या यंत्रात मुख्य फरक हा आहे. साध्या गाळणीत घाण अडकून राहते आणि गाळणी धुतली की निघून जाते. पटलावर अडलेले क्षार मात्र सतत वाहत्या पाण्यानेच बाहेर न्यावे लागतात. ते पाणी बंद केले तर क्षार पटलावरच साचत जातात.

खापरखेड्यातील एका बोअरचा हिशेब

उदाहरणादाखल खापरखेडा परिसरातील एका बोअरचा टीडीएस १२०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे असे समजू. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतला जातो.

घरगुती यंत्रात १०० लिटर पाणी घातले. त्यातील ३० लिटर पिण्याचे झाले आणि ७० लिटर बाहेर गेले. घरगुती यंत्रांत असेच प्रमाण बऱ्याचदा आढळते. पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ६० आला.

आत गेलेले क्षार : १०० लिटर × १२०० मिलिग्रॅम = १२० ग्रॅम.
पिण्याच्या पाण्यात आलेले : ३० लिटर × ६० मिलिग्रॅम = १.८ ग्रॅम.
उरलेले ११८.२ ग्रॅम क्षार ७० लिटर पाण्यात आहेत, म्हणजे लिटरमागे सुमारे १६९० मिलिग्रॅम.

यंत्राने क्षार नष्ट केलेले नाहीत. त्यांना फक्त एका पाण्यातून काढून दुसऱ्या पाण्यात गोळा केले आहे.

आता पाणी वाचविण्यासाठी बाहेरची नळी आवळली आणि १०० पैकी ८० लिटर पिण्याचे पाणी काढायचे ठरविले तर काय होईल ते पाहू. जवळजवळ तेवढेच क्षार २० लिटर पाण्यात कोंबावे लागतील. त्या पाण्याचा टीडीएस सुमारे ५६०० होईल आणि परासरण दाब जवळपास ४ किलोवर जाईल. पंपाचा दाब ५ किलो असेल तर पटलाच्या शेवटच्या भागात जेमतेम १ किलो दाब कामासाठी उरेल. पाणी रोडावेल आणि त्यात झिरपलेल्या क्षारांचे प्रमाण वाढेल. शिवाय आपल्याकडचे पाणी जड असते. त्यातील चुना (कॅल्शियम) इतका दाट झाला की तो पाण्यात विरघळून राहत नाही. चहाच्या भांड्याला बसतो तसा पांढरा थर तो पटलावर बसतो आणि पटल काही महिन्यांतच निकामी होते. म्हणून दुरुस्तीला आलेल्या माणसाला 'बाहेर जाणारे पाणी बंद करून द्या' असे सांगू नये. गावातील मोठ्या केंद्रांत दाब अधिक असतो, पटले एकापुढे एक जोडलेली असतात आणि चुना बसू नये म्हणून औषध सोडतात. त्यामुळे तेथे निम्मे किंवा त्याहून अधिक पाणी मिळू शकते.

बाहेर पडलेले पाणी कोठे वापरावे?

पाच माणसांच्या घरात पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज २५ लिटर पाणी लागते असे धरू. वरील प्रमाणाने रोज सुमारे ५८ लिटर पाणी बाहेर पडेल. त्यात रोज ९८ ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे ३६ किलो क्षार असतील. हे सर्व पाणी वर्षभर एकाच वाफ्यात किंवा एकाच झाडाच्या आळ्यात सोडले तर ते क्षार तेथेच साचतील.

१६९० टीडीएस असलेल्या पाण्याची विद्युत वाहकता साधारण २.६ डेसिसायमन प्रति मीटर येते. सिंचनाच्या पाण्याच्या प्रचलित वर्गवारीत २.२५ च्या पुढचे पाणी अति क्षारयुक्त गणले जाते. निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत त्याचा त्रास लवकर दिसतो. संत्रा आणि लिंबू ही पिके क्षारांना हळवी आहेत. पानांच्या कडा करपणे आणि पाने गळणे ही पहिली लक्षणे होत. त्यामुळे संत्र्याच्या आळ्यात हे पाणी सोडू नये. परसबागेत द्यायचेच असेल तर दोन-तीन पट चांगल्या पाण्यात मिसळून, जागा बदलत आणि फक्त निचऱ्याच्या जमिनीत द्यावे. पावसाळ्यात साचलेले क्षार काही प्रमाणात धुऊन जातात, पण पाणी साचणाऱ्या जमिनीत हा आधार मिळत नाही.

या पाण्याचा सर्वांत सोयीचा उपयोग म्हणजे फरशी पुसणे, शौचालय, अंगण शिंपणे, गोठा धुणे आणि भांड्यांचे पहिले विसळणे. त्यासाठी बाहेरची नळी मोरीत न सोडता एका झाकणाच्या पिंपात सोडावी.

जनावरांना पाजण्यापूर्वी मात्र विहिरीच्या पाण्याची तपासणी पाहावी. नुसता टीडीएस पाहिला तर १६९० चे पाणी गाईगुरांना चालण्यासारखे वाटते. पण समजा विहिरीच्या पाण्यात फ्लोराईड १.६ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा १.५ आहे, म्हणून आपण यंत्र बसविले. यंत्राने ९० टक्के फ्लोराईड अडविले तर आपल्या पेल्यात ते ०.१६ येईल आणि बाहेर पडलेल्या पाण्यात २.२ च्या आसपास जाईल. जनावरांच्या पाण्यासाठी २ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली जाते. म्हणजे घरातील माणसे वाचली आणि गोठ्यातील जनावरे अडचणीत आली, असे होऊ शकते. जे तत्त्व काढण्यासाठी यंत्र बसविले, ते बाहेर पडलेल्या पाण्यात वाढलेलेच असणार, हा नियम ध्यानात ठेवावा.

गावातील केंद्राबाबतही हाच हिशेब करावा. एखादे केंद्र रोज ५००० लिटर पाणी विकत असेल आणि तेवढेच बाहेर सोडत असेल, तर आपल्या उदाहरणातील पाण्यात रोज जवळपास १२ किलो क्षार केंद्राबाहेर पडतात. हे पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडल्यास क्षार मुरून पुन्हा त्याच बोअरकडे येऊ शकतात. केंद्र सुरू करताना पाणी कोठे जाणार हे ग्रामसभेत आधी ठरवून घ्यावे आणि बोअरचा टीडीएस दर सहा महिन्यांनी वहीत नोंदवावा.

टीडीएस मीटर काय दाखवत नाही?

हातातील टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजून क्षारांचा अंदाज देते. ते क्षारांसाठी उपयुक्त आहे. परंतु आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आणि पाऱ्याची त्याहूनही कमी आहे. ३०० टीडीएसच्या पाण्यात एवढे अल्प प्रमाण मीटरला दिसूच शकत नाही. जंतूही त्यात दिसत नाहीत. मीटरवर आकडा कमी आला म्हणून पाणी निर्धोक झाले असे समजू नये.

राखेच्या तलावाजवळच्या शेतकऱ्यांनी यंत्र घेण्यापूर्वी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासले जाते. नेहमीच्या तपासणीत क्षार, जडपणा, फ्लोराईड, नायट्रेट अशा बाबी असतात. जड धातूंची तपासणी वेगळी असते, म्हणून ती स्पष्टपणे सांगून मागावी. त्यासाठी नमुन्याची बाटलीही प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, कारण तिच्यात आम्ल घालून नमुना टिकवावा लागतो.

आरओ पटल बहुतेक विद्राव्य धातू चांगले अडविते. तरीही सर्व पदार्थांना ते सारखे अडवीत नाही. आर्सेनिकचे एक रूप विद्युतभारित असते, ते चांगले अडते. दुसरे रूप भाररहित असते आणि ते बोअरच्या हवा न लागलेल्या पाण्यात आढळते. हे दुसरे रूप बऱ्याच प्रमाणात पटलातून पार होऊ शकते. म्हणून आर्सेनिक आढळल्यास विहिरीच्या पाण्याबरोबर यंत्रातून आलेल्या पाण्याचाही नमुना तपासावा.

आणखी एका चावीकडे लक्ष द्यावे. अनेक यंत्रांत चव येण्यासाठी टीडीएस वाढविण्याची चावी असते. ती उघडली की पटलाला वळसा घालून आलेले पाणी गोड्या पाण्यात मिसळते. पाण्यात फक्त क्षार जास्त असतील तर हरकत नाही. पण फ्लोराईड, नायट्रेट किंवा जड धातू असतील तर तेही त्याच वाटेने पेल्यात येतात. अशा ठिकाणी ही चावी बंद ठेवावी.

यंत्राची तपासणी घरीच कशी करावी?

महिन्यातून एकदा दोन गोष्टी मोजाव्यात. पहिली म्हणजे टीडीएस. आत जाणाऱ्या आणि पिण्याच्या पाण्याचा टीडीएस मोजून किती टक्के क्षार अडले ते काढावे. मोजताना चवीची चावी बंद असावी. १२०० चे ६० झाले तर ९५ टक्के क्षार अडले. हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या खाली गेले, म्हणजे आपल्या उदाहरणात पिण्याच्या पाण्याचा टीडीएस १८० च्या पुढे गेला, तर पटल बदलण्याची वेळ आली असे समजावे.

दुसरी म्हणजे दोन्ही नळ्यांतून मिनिटाला येणारे पाणी. ते मापाच्या भांड्यात मोजावे. पिण्याचे पाणी कमी झाले पण त्याचा टीडीएस ठीक असेल, तर आधी गाळाची गाळणी पाहावी. ती स्वच्छ असेल तर पटलावर थर बसत असावा. थंडीत पाणी कमी येणे हा बिघाड नव्हे. पाण्याचे तापमान एक अंशाने उतरले की मिळणारे पाणी सुमारे ३ टक्क्यांनी घटते, त्यामुळे मे महिन्यापेक्षा डिसेंबरमध्ये यंत्र बरेच मंद चालते. बाहेरच्या नळीचे पाणी अचानक कमी झाले तर अरुंद नळी चुन्याने बुजली आहे असे समजून ती लगेच बदलावी, नाहीतर पटल जाईल. टाकी भरून पंप थांबल्यावरही बाहेरची नळी वाहत राहिली तर पाणी अडविणारी विजेची झडप बिघडलेली असते. अशा यंत्रातून रात्रभरात पिंपेच्या पिंपे पाणी वाया जाते.

ज्या घरी नदी किंवा धरणावरील योजनेचे शुद्ध केलेले, ५०० पेक्षा कमी टीडीएसचे पाणी येते आणि तपासणीत फ्लोराईड, नायट्रेट किंवा धातूंचा दोष नाही, तेथे आरओची गरज नाही. जंतूंसाठी उकळणे, क्लोरीन किंवा अतिनील किरणांचे यंत्र पुरते आणि पाणीही वाया जात नाही. ज्यांना बोअरच्याच पाण्यावर अवलंबून राहावे लागते, त्यांनी यंत्राच्या किमतीबरोबर बाहेर पडणाऱ्या पाण्याची सोयही खर्चात धरावी आणि पाणी तपासणीचा अहवाल हाती आल्यावरच कोणते यंत्र घ्यायचे ते ठरवावे.